आयर्न-कॅल्शियमच्या गोळ्या कित्येक महिने घेतल्यावर: पाकिटावरचा मोठा आकडा बघू नका, एलिमेंटल बघा

डिलिव्हरीनंतर माझं हिमोग्लोबिन ८.६ आलं, तेव्हापासून आयर्न आणि कॅल्शियम दोन्ही सुरू आहे. आमच्या अमळनेरकडे आशाताई ज्या लाल गोळ्या देतात त्या बऱ्याच बायका डब्यात तशाच पडू देतात, का तर त्यावर ६० लिहिलंय आणि मेडिकलच्या कॅप्सूलवर १५२. माझी जाऊ पण तेच म्हणायची, "सरकारी गोळी कमी पॉवरची ओ."

आता नीट बघा. लाल गोळीतले ६० मिलिग्रॅम म्हणजे एलिमेंटल आयर्न, म्हणजे निव्वळ लोह. कॅप्सूलवरचं १५२ हे फेरस फ्युमरेट या पूर्ण क्षाराचं वजन, त्यात लोहासोबत फ्युमरेटपण मोजलेलं असतं. फ्युमरेटमध्ये लोह साधारण ३३ टक्के, म्हणजे १५२ मध्ये फक्त ५० मिलिग्रॅम. म्हणजे फुकटची गोळीच जास्त लोह देतेय! पुढे डॉक्टरांनी मला फेरस ॲस्कॉर्बेट दिलं, त्यावर बारीक अक्षरात "इक्विव्हॅलंट टू एलिमेंटल आयर्न १०० मिलिग्रॅम" असं होतं, तिथे मात्र १०० म्हणजे खरंच १०० लोह. मूळ क्षाराचं वजन त्याहून कितीतरी जास्त असतं, पण ते आपल्याला मोजायची गरजच नाही.

कॅल्शियमला तर जास्त गोंधळ होतो. मला दिवसाला दोनदा कार्बोनेट १२५० लिहून दिलेलं, त्यात ४० टक्के कॅल्शियम, म्हणजे ५०० निव्वळ. मला गॅस व्हायचा म्हणून मेडिकलवाल्या दादांनी सायट्रेट १००० दाखवली, "हजारची आहे ताई, एकच पुरे." पण सायट्रेटमध्ये २१ टक्केच, म्हणजे एका गोळीत २१० च्या आसपास. एक घेतली असती तर डॉक्टरांनी सांगितलेल्या १००० च्या जागी पोटात पाचवा हिस्साच गेला असता. सायट्रेट वाईट नाही हं, उपाशीपोटीही चालते, कार्बोनेट मात्र जेवणासोबतच घ्यावी लागते, फक्त गोळ्यांची संख्या डॉक्टरांकडून परत ठरवून घ्यायची. मी तसंच केलं आणि गॅसचा त्रास गेला.

अनुभव म्हणाल तर १०० च्या गोळीने शौच काळी होते, ते नॉर्मल आहे, पण बद्धकोष्ठता मला चांगलीच जाणवली, ६० वर असताना एवढी नव्हती, त्यामुळे मोठा आकडा सगळ्यांना मानवेलच असं नाही. आयर्न आणि कॅल्शियम एकत्र घेत नाही, कमीत कमी दोन तास अंतर ठेवते, नाहीतर कॅल्शियम लोह नीट शोषू देत नाही. आयर्नवर लगेच चहाही नाही, हे आमच्याकडे सगळ्यात अवघड जातं!

हिमोग्लोबिन आता ११.४ आहे. डॉक्टरांनी आणखी तीन महिने चालू ठेवायला सांगितलंय, शरीरातला साठा भरायला वेळ लागतो म्हणून. ब्रँड बदलून मिळाला तर पाकिट उलटं करून आधी क्षाराचं नाव वाचा, मग एलिमेंटल लिहिलंय का ते शोधा, आणि नसेल तर मेडिकलमध्येच विचारा. आणि घरात पोरं असतील तर या गोळ्या उंच, बंद जागी ठेवा, लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर लोहाची विषबाधा जिवावर बेतू शकते.