गच्ची कोरडी, खिसाही कोरडा : ५,१८,५०० रुपयांची गोष्ट

वॉटरप्रूफिंगची कामं घेतो, सतरा वर्षं झाली. बिल्डरांनी बुडवलं, बंगलेवाल्यांनी घासाघीस केली, ते सगळं पचवलं. पण शिकलेल्या, टापटीप माणसांच्या बत्तीस फ्लॅटच्या सोसायटीने मला जसं धुतलं तसं कुणीच धुतलं नव्हतं. नाव लिहीत नाही, केस चालू आहे. पिंपरी-चिंचवडमधली आहे, एवढं पुरे.

मे २०२२. सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. वरच्या मजल्याची छतं गळतायत, पावसाच्या आत गच्ची करून द्या. जाऊन बघितली. जुना कोबा फुगलेला, हातोडी मारली की पोकळ वाजत होता. ४,२०० चौरस फूट. जुना कोबा काढून नवा ब्रिकबॅट कोबा, १४५ रुपये दराने ६,०९,०००. कोटेशन दिलं. अध्यक्ष आणि सेक्रेटरी दोघंही ‘ठीक आहे’ म्हणाले.

मी वर्क ऑर्डर मागितली. खरंच मागितली होती, अगदीच बावळट नाही मी. सेक्रेटरी म्हणाले, “अहो, पाऊस काय वर्क ऑर्डर बघून येतो का? सुरू करा, ठराव नंतर करून घेऊ.” ऑफिसात बसलेले चौघे हसले. मीही हसलो.

तिथेच चुकलं. तो हसण्याचा क्षण मला अजून रात्री आठवतो. ‘ठराव नंतर’ याचा अर्थ ठराव झालेला नाही. समितीने स्वतःच्या अधिकारात किती खर्च करायचा याची मर्यादा उपविधीत असते, त्यावरच्या खर्चाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. हे मला माहीत होतं! दहा सोसायट्या केल्यात. पण मजूर बसून होते, आणि दोन दिवसांनी सोसायटीच्या खात्यातून १,५०,००० रुपये आले. पैसे खात्यातून आले म्हणजे सगळं रीतसर आहे, असं वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं.

काम १४ मे ते ९ जून चाललं. मध्येच सेक्रेटरी म्हणाले, कठड्याचं आतलं प्लास्टर पण करा (३८,५००), पाण्याचे पाइप उचलून नव्याने बसवा (२१,०००). तेही तोंडी. डबर खाली न्यायला मशीन लावलं होतं, सगळ्या बिल्डिंगला आवाज. एकाही सभासदाने ‘थांबवा’ म्हटलं नाही. शेवटी गच्चीत पाणी साठवून तीन दिवस ठेवलं. अध्यक्ष स्वतः पॅन्ट दुमडून घोटाभर पाण्यात उभे राहिले आणि म्हणाले, मस्त. माझ्या पोराने फोटो काढला.

एकूण बिल ६,६८,५००. हाती दीड लाख. बाकी ५,१८,५००.

ऑगस्टमध्ये समिती बदलली. नव्या समितीचं उत्तर एका ओळीचं: सभेचा ठराव नाही, वर्क ऑर्डर नाही, सबब देणं नाही. जुने सेक्रेटरी फ्लॅट विकून गेले. नंतर ‘माणुसकी म्हणून’ १,२५,००० देऊ केले, सोबत ‘पूर्ण व अंतिम, कोणतीही तक्रार नाही’ असं छापलेलं पत्र. मटेरियलवाल्याचे २,४१,००० थकले होते, बायकोच्या पाटल्या गहाण होत्या, मी पेन उचललं होतं. बायकोने हात धरला. असलं पत्र सही करून चेक घेऊ नका, बाकीच्या पैशावर आपणच पाणी सोडतो.

मग सुरू झाली वारी. पोलीस चौकीत तीन तास बसवलं आणि शेवटी ‘ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा’. उपनिबंधक कार्यालयात चार खेपा. चौथ्या खेपेला साहेब भेटले आणि म्हणाले, तुम्ही सभासद नाही, तुमची तक्रार आमच्याकडे बसत नाही. हे पहिल्या खेपेला दारावरचा शिपाई सांगू शकला नसता का? एकाने ग्राहक आयोगाचा पत्ता दिला, पण तिथे ग्राहक सोसायटी, मी नव्हे. तालुका विधी सेवा समितीत समेटासाठी अर्ज केला. दोन तारखांना सोसायटीकडून कुणी फिरकलं नाही. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या, पण म्हणाल्या, समोरच्याला ओढून आणता येत नाही. सगळे नियमाने बरोबर असतील. पण या बरोबर माणसांत माझी अडीच वर्षं गेली.

आणि ही अडीच वर्षं जिवावर बेतली होती. दावा लावायची मुदत तीन वर्षांची. पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल तर काम पूर्ण झालं त्या दिवसापासून मोजतात, शेवटच्या फोनपासून नाही. ‘पुढच्या मीटिंगमध्ये बघू’ने घड्याळ थांबत नाही. जानेवारी २०२५ मध्ये वकिलाकडे गेलो तेव्हा जेमतेम पाच महिने उरले होते. त्यात सोसायटीच्या कामकाजाबद्दल दावा लावायचा तर सहकार कायद्याच्या कलम १६४ खाली आधी निबंधकाला नोटीस देऊन दोन महिने थांबावं लागतं. फेब्रुवारीत नोटीस, मे महिन्यात दावा. तोंडचं पाणी पळालं होतं.

वकिलांनी जे सांगितलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर! तोंडी करारही करारच असतो, फक्त सिद्ध करावा लागतो. आणि समितीला अधिकारच नव्हता म्हणून करार टिकला नाही, तरी भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ७० आहे. काम कायदेशीर असावं, फुकट करायच्या हेतूने केलेलं नसावं, आणि समोरच्याने त्याचा फायदा घेतलेला असावा. मग मोबदला द्यावा लागतो. बंगाल सरकारने बी. के. मंडल अँड सन्स या कंपनीकडून रीतसर कराराशिवाय बांधकाम करून घेतलं होतं, त्यात सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कोर्टाचं म्हणणं साधं: नको होतं तर नाकारायचं होतं, घेऊन वापरलंत तर पैसे द्या. म्हणून दाव्यात दोन्ही लिहिलंय, आधी करार आणि तो नसेल तर कलम ७०.

पण यात एक मेख आहे. कलम ७० मध्ये माझा १४५ चा दर आपोआप मिळत नाही, कामाची वाजवी किंमत मिळते. ती सिद्ध कुणी करायची? मी. कोब्याची जाडी आता वरून दिसत नाही, जुन्या कोब्याचं डबर कधीच गेलं. मोजणी काम चालू असतानाच करा, टेप लावून, तारखेसकट फोटो काढा. मटेरियलची बिलं, मजुरीची वही फेकू नका. माझ्याकडे वही होती म्हणून वाचलो. सेक्रेटरींचे व्हॉइस मेसेज मात्र जुन्या मोबाइलबरोबर गेले; दुकानदाराने एक्स्चेंजमध्ये २,२०० रुपये दिले होते. २,२०० साठी कठड्याच्या प्लास्टरचा आणि पाइपांचा पुरावा घालवला मी. जे मेसेज उरले त्यांना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागलं.

कोटेशनच्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. वॉचमनच्या हातात देऊन येऊ नका, मी तेच केलं होतं.

सोसायटीने कोर्टात लेखी उत्तर दिलंय : असं कुठलंही काम झालेलं नाही. अध्यक्षांचा पाण्यातला फोटो लावलाय, बघू. पण मागच्या महिन्यात नव्या सेक्रेटरींचा फोन आला. टाकीच्या बाजूला थोडं ओल दिसतंय, तुमची पाच वर्षांची गॅरंटी होती ना?

मी म्हटलं, “आहे ना साहेब. फक्त हे लेखी पाठवा.”

बिचाऱ्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलं. प्रिंट वकिलांकडे दिली आहे.