कच्च्या केळ्यांचे फ्राइज आणि कटलेट: एअर फ्रायर घ्यावा, की कढई-तवाच बरा?

रावेर-यावलकडे कच्ची केळी बटाट्याइतकीच सहज मिळतात. म्हणून एअर फ्रायर घ्यायचा की नाही, हे केळ्यावरच पारखून बघावं. बटाट्यापेक्षा केळ्यात पाणी कमी असतं. जरा चुकलं की ते घशाखाली उतरत नाही इतकं कोरडं होतं. ज्या पद्धतीत केळं जमलं, त्या पद्धतीत बटाटा जमणारच.

कढईतलं तापलेलं तेल फोडीला चहूबाजूंनी भिडतं आणि चार-पाच मिनिटांत कवच धरतं. एअर फ्रायरमध्ये वर कॉइल आणि पंखा असतो. तो गरम हवा जाळीतून फिरवतो. हवा तेलापेक्षा फार सावकाश उष्णता देते, त्यामुळे कवच धरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ आतलं पाणी उडत राहतं. कोरडेपणाचं मूळ इथेच आहे. ‘बिनतेलाचे फ्राइज’ हा नाद म्हणूनच सोडावा. तेलाचा पातळ थर नसेल तर वरचा स्टार्च कुरकुरीत होत नाही, पिठूळ राहतो.

फ्राइजसाठी हाताला तेल लावून तीन मोठी केळी सोला, नाहीतर चीक सुटता सुटत नाही. बोटाएवढ्या जाड, म्हणजे साधारण 1 सेंटिमीटरच्या फोडी करा. यापेक्षा बारीक केल्या तर वेफरच होतात. मीठ-हळदीच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, मग उकळत्या पाण्यात तीन मिनिटं. उपसून सुती कापडावर अगदी कोरड्या करा आणि त्यानंतरच एक मोठा चमचा तेल चोळा. ओल्या फोडीवर तेल धरत नाही. आधी तापवलेल्या फ्रायरमध्ये 180 अंशांवर दहा मिनिटं, हलवून 200 वर आणखी चार-पाच. तिखट-मीठ बाहेर काढल्यावर घाला. फोड मोडून बघा: वरचं कवच तडकलं आणि आत मऊ असलं तर जमलं. आरपार कट्‌कन तुटली तर वेळ जास्त झाला. फिकी आणि लिबलिबीत राहिली तर जाळीत दाटी झाली होती. वाफ बाहेर पडायला वाट नसली की फोडी तळल्या न जाता उकडतात.

कढईतले फ्राइज जास्त खमंग लागतात, हे खरंच आहे. पण त्याला अर्धा-पाऊण लिटर तेल चढवावं लागतं आणि उरलेल्या तेलाचं काय करायचं हा प्रश्न उरतोच.

कटलेटला मात्र आम्ही फ्रायरला झुकतं माप देऊ. तव्यावर दोन्ही तोंडं खरपूस होतात, कडा पांढऱ्याच राहतात. फ्रायरमध्ये कडाही भाजतात. फक्त सारण मऊ हवं. तीन उकडलेल्या केळ्यांना एक उकडलेला बटाटा आणि दोन चमचे चक्का घाला. नुसत्या केळ्याचं कटलेट फ्रायरमध्ये भेगाळतं. दीड सेंटिमीटर जाड थापा, मैद्याच्या पातळ पेस्टमध्ये बुडवा. खरी गोम ब्रेडच्या चुऱ्यात आहे. तेल कटलेटवर शिंपडू नका, ते ठिपक्यांसारखं पडतं आणि मधला चुरा पांढरा राहतो. अर्धी वाटी चुऱ्यात दोन छोटे चमचे तेल आधीच बोटांनी चोळा, चुरा ओलसर वाळूसारखा लागला पाहिजे. मग कटलेट त्यात घोळवून वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि 190 अंशांवर बारा मिनिटं भाजा, आठव्या मिनिटाला उलटा. रंग आला की लगेच काढा. कुरकुरीतपणासाठी आणखी पाच मिनिटं ठेवायचा मोह आवरा, कारण त्या पाच मिनिटांत आतला ओलावा निघून जातो.

भेंडी आणि कारल्याचे काप फ्रायरमध्ये छान होतात. एक चमचा तेल आणि थोडं बेसन कोरडंच लावायचं.

गिलक्याच्या भज्यांसाठी मात्र यंत्र घेऊ नका. पातळ पीठ घट्ट व्हायच्या आत जाळीतून गळतं, आणि गिलक्याचं पाणी सुटून खालून चिखल होतो. ती भजी कढईतलीच. भरताचं वांगंही फ्रायरमध्ये शिजतं, पण पऱ्हाटीच्या काड्यांवरच्या धुराची चव त्याला येत नाही.

राहिला माणसांचा हिशोब. चार लिटरच्या भांड्यात एका थरात जेमतेम 350-400 ग्रॅम फोडी बसतात. दोघा-तिघांना एक खेप पुरते. सहा-सात ताटं असतील तर तीन खेपा कराव्या लागतात, आणि शेवटची निघेपर्यंत पहिली मऊ पडते. अशा घरात कढईच बरी, किंवा सहा लिटरचं रुंद, चौकोनी भांडं बघा. उंच भांडं घेऊन उपयोग नाही, थर तळावरच लावायचा असतो. यंत्र साधारण 1500 वॅटचं असतं, तेव्हा ओट्याजवळ 16 अँपिअरचा सॉकेट आहे का हे दुकानात जाण्याआधी बघून घ्या.