एकसुरी वाचन की संवादी वाचन?

लिहिलेला मजकूर मोठ्यानं वाचणारं संगणकीय मॉडेल शिकवायला कोथरूडच्या स्टुडिओत एकाच निवेदिकेचे दोन संच ध्वनिमुद्रित केले: एकात सुटी वाक्यं एकाच सुरात, दुसऱ्यात संवाद. मजकुरावरून मॉडेल आधी स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे ध्वनीचा आलेख बनवतं, मग व्होकोडर हा पुढचा भाग त्याचा आवाज करतो.

पहिल्या संचावर शिकलेल्या मॉडेलचा आवाज स्वच्छ, उच्चार चोख. पण ‘आलास एकदाचा’ हा आनंद असो की टोमणा (पुण्यात हा फरक कळायलाच हवा), सूर तोच, कारण दुसरा त्यानं ऐकलेलाच नाही. दुसऱ्या संचात चढउतार भरपूर, तरी साधं मॉडेल यंत्रासारखंच बोललं. एकाच वाक्याचे अनेक सूर ऐकून ते त्यांची सरासरी काढतं. स्वराची उंची आणि अक्षरांची लांबी वेगळी पुरवली, तेव्हा टोमणा बोचला.

बसथांब्यांच्या घोषणांना मात्र मी पहिलाच संच घेईन.