टॅग आला, पण खेळायचं नाही: गप्प बसावं, जाहीर सांगावं की खासगीत?

सात दिवस, सात पुस्तकं. रोज एका मुखपृष्ठाचा फोटो टाकायचा, परीक्षण लिहायचं नाही, खुलासा करायचा नाही आणि रोज एका मित्राला पुढे ओढायचं. फेसबुकवर ही साखळी पुन्हा पुन्हा येते. मैत्रिणीने तिसऱ्या दिवशी तुमचं नाव घातलंय, तुम्हाला यात पडायचं नाही, आणि ती मात्र मनापासून रमली आहे. हा आढावा या एवढ्याच पेचापुरता आहे.

आधी हिशेब बघा, म्हणजे अर्धं ओझं उतरेल. नियम तंतोतंत पाळले तर एक माणूस सात जणांना बोलावतो, ते सात जण 49 जणांना, ते 343 जणांना आणि पुढच्या फेरीत 2401 जणांना. कुणाच्याही ओळखीत इतकी मोकळी माणसं नसतात. म्हणजे साखळी चालू राहते तीच मुळी बहुतेकांनी ती मध्येच सोडल्यामुळे. तुमच्या नकाराने साखळीचं काही बिघडत नाही. बिघडलंच तर मैत्रिणीच्या तिसऱ्या दिवसाचं बिघडतं, आणि सांभाळायचं आहे ते तेवढंच.

तिची मजा नेमकी कशात आहे? कपाटातून पुस्तक काढण्यात, फोटो काढण्यात आणि खाली लोक काय म्हणतात ते वाचण्यात. तुमचं नाव ही नियमाने मागितलेली एक जागा आहे, कधी प्रेमाने भरलेली, कधी नुसती भरायची म्हणून भरलेली. यातलं कोणतं, हे ओळखायला पोस्टमधली नावं मोजा. एका पोस्टमध्ये वीस नावं असतील तर गप्प बसणं हाही पूर्ण सभ्य नकार आहे, कारण विसातले कोण आले याची हजेरी कुणी घेत नाही. स्टोरीमध्ये नाव असेल तर ती 24 तासांत निघूनच जाते. एक बदाम पाठवला की झालं. पण नाव एकच असेल आणि सोबत ‘हिच्याकडची पुस्तकं बघायचीत मला’ असं काही लिहिलं असेल, तर मात्र तुमचं गप्प बसणं तिला ऐकू जातं.

अशा एकट्या नावाच्या टॅगसाठी खरे पर्याय तीन: पोस्टखाली जाहीर नकार, खासगी निरोप, किंवा अर्धा सहभाग. चौथा पर्याय सगळ्यांचा लाडका आहे, ‘करते गं, जरा वेळ मिळू दे’. त्याचा समाचार पुढे घेते.

जाहीर नकाराची एक बाजू चांगली आहे. तुमच्यामागून टॅग होणाऱ्यांना दार उघडं दिसतं, आणि तुम्ही दुर्लक्ष केलं असं कुणी म्हणू शकत नाही. पण तो बसतो कुठे ते पाहा. मैत्रिणीने जपून ठेवलेल्या जुन्या पुस्तकाचा फोटो टाकलाय, आणि त्याखालची पहिलीच प्रतिक्रिया ‘मी अशा चॅलेंजमध्ये भाग घेत नाही, माफ कर’. त्यानंतर येणारे पुस्तकाबद्दल बोलत नाहीत, तुमच्या नकाराबद्दल बोलतात. कुणी तुम्हाला आग्रह करतो, कुणी ‘मलाही कंटाळा येतो या प्रकाराचा’ म्हणतो, आणि तिच्याच पोस्टखाली तिच्याच खेळाची पंचायत बसते. तिचे अजून चार दिवस बाकी असतात.

खासगी निरोपात हा धोका नाही, पण दुसरा आहे. पोस्टखाली तुमची जागा रिकामी दिसते. बघणाऱ्यांना वाटतं, हिने बोलावलं आणि ती आलीच नाही. तिलाही चारचौघांत थोडं तसंच वाटतं, निरोप कितीही गोड असला तरी.

म्हणून माझी पसंती दोन्हींची वाटणी करण्याला आहे: पुस्तकाबद्दल जाहीर, नकाराबद्दल खासगी. क्रमही हाच. आधी पोस्टखाली तिच्या पुस्तकावर खरंखुरं काहीतरी लिहायचं, आणि त्यात चॅलेंजचा उल्लेखही करायचा नाही. मग तासाभरात खासगी निरोप. उलट केलं तर नकार वाचल्यानंतर आलेलं कौतुक मलमपट्टीसारखं वाटतं. दोन दिवस थांबून केलं तर तोवर ती तुमच्या पोस्टची वाट पाहू लागलेली असते.

आता निरोपात कारण काय द्यायचं? सगळं घोडं इथेच अडतं.

वेळेचं कारण सर्वांत सोपं आणि सर्वांत वाईट. ‘या आठवड्यात जमणार नाही’ म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘चालेल, पुढच्या आठवड्यात कर.’ तुम्ही नकार दिलाच नाही, तारीख पुढे घेतली. शिवाय त्याच संध्याकाळी तुम्ही दुसरं काही टाकलंत तर वेळ होता हे तिला दिसतंच.

तत्त्वाचं कारण, म्हणजे ‘हे सगळं दिखाऊ असतं’ किंवा ‘मुखपृष्ठं दाखवून वाचन वाढतं का’, हे पक्कं असतं, पण तो तिच्या तीन दिवसांवरचा शेरा होतो. तुमचं म्हणणं खरं असलं तरी तिने ते विचारलेलं नाही.

उरतं सवयीचं कारण: ‘मी साखळीत कुणाचं नाव पुढे देत नाही, म्हणून सुरूच करत नाही.’ यात तारीख नाही, त्यामुळे पुढे ढकलता येत नाही. यात तिच्यावर बोटही नाही. फक्त एक अट आहे, ते खरं असायला हवं. मी एकदा हेच कारण एका मैत्रिणीला दिलं आणि महिन्याभरात दुसऱ्या मैत्रिणीच्या आग्रहाला भुलून जुन्या फोटोंच्या साखळीत शिरले. पहिलीने काही म्हटलं नाही. माझ्या फोटोला फक्त अंगठा दिला. तो अंगठा मला अजून आठवतो. हा नियम पाळता येणार नसेल तर कारण देऊच नका. ‘हे मला जमत नाही गं’ एवढं पुरे होतं. कारण जितकं लांब, तितकी त्यात वाद घालायला जागा.

अर्धा सहभाग, म्हणजे स्वतःच्या भिंतीवर काही न टाकता तिच्याच पोस्टखाली प्रतिक्रियेत एक मुखपृष्ठ लावणं. तिच्या दृष्टीने हा बहुधा सर्वांत गोड पर्याय आहे, कारण तिची पोस्ट त्याने भरते. पण यात दोन खड्डे आहेत. एक, ती याला तुमचा पहिला दिवस समजते आणि विचारते, ‘वा! उद्या कोणतं?’ तेव्हा सोबत लिहा: ‘एकच, आणि इथेच.’ दुसरा, तुमचं पुस्तक तिच्या पुस्तकाला झाकू शकतं. तिने प्रवासवर्णन लावलं असेल तर त्याच वाटेचं दुसरं काही लावा, स्वतःच्या कपाटातलं सर्वांत दुर्मीळ रत्न नको. आणि ज्याला खरंच काहीच लावायचं नाही त्याने हा पर्याय भिडेपोटी घेऊ नये. पुढच्या वेळी टॅग करताना पहिलं नाव त्याचंच असतं.

काही साखळ्यांमध्ये नकाराची सोय नियमातच असते, आणि त्या फार सुटसुटीत जातात. 2014 च्या जुलै-ऑगस्टमधलं बर्फाच्या पाण्याचं चॅलेंज आठवा: 24 तासांत डोक्यावर बादली ओता किंवा एएलएस या आजाराच्या कामासाठी पैसे द्या. बराक ओबामांना एथेल केनेडींनी आव्हान दिलं तेव्हा त्यांनी पाणी घेतलं नाही, 100 डॉलर दिले. खेळाचा विरस झाला नाही, कारण ‘नाही’ म्हणणाराही खेळातच होता. जॉर्ज बुश यांनीही मी चेकच देतो म्हणून बसून घेतलं होतं, पण मागून लॉरा बुश यांनी बादली रिकामी केली. घरातल्या माणसापुढे शिष्टाचार चालत नाही. पुस्तकांच्या साखळीत अशी सोय नाही, ती आपण तयार करायची. अर्धा सहभाग ही एक सोय. दुसरी म्हणजे रिकामी होणारी जागा भरून देणं: ‘माझ्याऐवजी अमुकला घे, तिला आवडेल.’ मात्र त्या अमुकला आधी विचारा. नाहीतर तुम्ही नकार दिलाच नाही, नुसता दुसऱ्याच्या गळ्यात घातला.

टॅग काढून टाकणं मी या तुलनेत घेतच नाही. पोस्ट उघडली की टॅग गेलेला तिला दिसतो, आणि सोबत एक शब्दही नसतो. ते फक्त एका प्रसंगी योग्य: पहिली शाळा, पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव, आईचं माहेरचं आडनाव असल्या प्रश्नांच्या साखळीत. काही खात्यांचे पासवर्ड परत मिळवताना हेच विचारलं जातं. तिथे नकारासोबत सावध करणंही आलं, पण तेही खासगीतच. तिच्या उत्तरांखाली जाहीर इशारा लिहिलात तर नको त्या माणसांचंही त्या उत्तरांकडे लक्ष जाईल.

टॅग करणारी व्यक्ती वयाने किंवा हुद्द्याने मोठी असेल, तर तोल थोडा बदलतो. तिथे मी खासगी निरोपही आखूड ठेवते, ‘तुम्ही आठवण ठेवलीत, बरं वाटलं. मी साखळीत उतरत नाही, पण तुमची सातही पुस्तकं बघणार आहे.’ आणि मग खरोखर बघते. सातपैकी निदान दोन दिवशी काही लिहिलं नाही तर ते वाक्य पोकळ ठरतं.

हे सगळं मी गेल्या खेपेस असं वापरलं. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीने पाठीला चिकटपट्टी लावलेला एक कथासंग्रह टाकला आणि खाली एकटं माझं नाव. मी पोस्टखाली लिहिलं, ‘ही चिकटपट्टी परीक्षेच्या आदल्या रात्रीची ना? तेव्हा तू अभ्यास सोडून हेच वाचत होतीस.’ त्यावर आमच्या वर्गातल्या तिघी जमल्या आणि त्या रात्रीच्या गोष्टी निघाल्या. अर्ध्या तासाने तिला निरोप पाठवला: ‘अगं, मी साखळीत कुणाचं नाव पुढे देत नाही, म्हणून सुरू करत नाहीये. माझ्या जागी धाकटीला घे, विचारलंय मी, उड्या मारतेय. तुझे उरलेले चार दिवस मात्र चुकवणार नाही.’

तिने पोस्टमधलं नाव बदललं. उत्तर रात्री आलं: ‘बरं, सोडलं तुला. पण पाचव्या दिवशी नक्की बघ. ते पुस्तक तुझंच आहे, परत करायचं राहून गेलंय.’