बचत गट स्वतंत्र ठेवायचा, ‘उमेद’मध्ये न्यायचा की संस्था नोंदवायची? खाते, कागद आणि कर्जाचा हिशोब

दहा-बारा जणी गट काढायला बसल्या की पहिला प्रश्न असतो, “नोंदणी कुठे करायची?” बचत आणि आपसातले कर्जव्यवहार एवढेच करायचे असतील, तर कायद्याने नोंदणी सक्तीची नाही. नाबार्डने १९९२ साली गट-बँक जोडणी सुरू केली. या पद्धतीत १० ते २० जणींच्या गटाला कुठल्याही कायद्याखाली नोंदणी न करता स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते. त्यामुळे कुणी एजंट ‘गट रजिस्टर करून देतो’ म्हणत पैसे मागत असेल, तर कुठल्या कायद्याखाली आणि कुठल्या कार्यालयात, हे आधी विचारा.

लोक ‘नोंदणी’ म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी डोळ्यापुढे असतात.

पहिली म्हणजे स्वतंत्र गट. पहिल्या बैठकीत ठराव करायचा, नियमावली लिहायची, बँकेत जायचे. वरचे कुणी नाही, त्यामुळे बचतीची रक्कम आणि बैठकीचा वार तुम्हीच ठरवता. पण बँकेत अडले तर सोबत येणारेही कुणी नाही.

दुसरी म्हणजे ग्रामीण भागातला ‘उमेद’चा, म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा गट. इथे कायदेशीर नोंदणी होत नाही. गट आणि सभासद यांची अभियानाच्या संगणक प्रणालीत नोंद होते आणि गट ग्रामसंघाला, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाला, जोडला जातो. सभासद साधारण १० ते १५ असतात. दुर्गम भागात किंवा दिव्यांग महिलांच्या गटात पाच जणीही चालतात. बहुसंख्य महिला अभियानाने निश्चित केलेल्या गरीब कुटुंबांतल्या असाव्या लागतात. एक बाई एकाच गटात राहू शकते, आणि नावनोंदणी इथेच सर्वांत जास्त अडकते. जुन्या, बंद पडलेल्या गटात आधार क्रमांक चढलेला असेल तर नवीन गटात तो घेतला जात नाही. म्हणून गट ठरवण्याआधीच प्रत्येकीला विचारा की पूर्वी कुठल्या गटात होती का. असेल तर जुन्या गटाचा राजीनाम्याचा ठराव घ्या आणि प्रणालीतून नाव काढून घ्या.

तिसरी म्हणजे खरीखुरी नोंदणी: १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली (किमान सात सभासद) किंवा १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली (किमान दहा, वेगवेगळ्या कुटुंबांतल्या). मग दरवर्षी लेखापरीक्षण आले, आणि पदाधिकारी बदलल्या की संबंधित कार्यालयात कागद दाखल करणे आले. मोठा प्रक्रिया उद्योग, जमीन किंवा यंत्रसामग्री संस्थेच्या नावावर घ्यायची असेल, तर हा खर्च पटतो. महिन्याला दोनशे रुपये जमवणाऱ्या बारा जणींनी यात पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गट-बँक जोडणीच्या कर्जासाठी बँक हे प्रमाणपत्र मागत नाही.

म्हणजे खरी निवड पहिल्या दोघांत आहे. ती करताना बँकेचा हिशोब पाहिला की चित्र उघड होते.

खाते उघडताना

दोन्ही गटांना कागद जवळपास तेच लागतात: खाते उघडण्याच्या ठरावाची प्रत, नियमावली, सभासदांची यादी, गटाचा शिक्का, आणि अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांचे आधार, पॅन व फोटो. एखादीकडे पॅन नसेल तर त्याऐवजीचे घोषणापत्र चालते. आजवर ते फॉर्म ६० म्हणून ओळखले जाते. उमेदच्या गटाला ग्रामसंघाचे किंवा अभियानाचे पत्र जोडता येते आणि बँक सखी असेल तर ती अर्ज भरायला मदत करते.

काही शाखा सगळ्या सभासदांची केवायसी मागतात आणि एकीचे आधार अद्ययावत नाही म्हणून खाते महिनाभर रखडते. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की बचत खाते उघडताना फक्त पदाधिकाऱ्यांची केवायसी पुरे. सगळ्यांची तपासणी कर्ज देताना करता येते. तरीही सगळ्यांचे आधार आत्ताच दुरुस्त करून घ्या, कारण सहा महिन्यांनी कर्ज मागताना ते लागणारच आहे.

ठरावात दोन गोष्टी नेमक्या लिहा. पैसे तिघींपैकी कोणत्याही दोघींच्या सहीने निघतील, हे एक. एकटीची सही ठेवू नका, आणि तिन्ही सह्या सक्तीच्याही करू नका. एक बाळंतपणाला माहेरी गेली की व्यवहार थांबतो. दुसरे, गटाचे नाव. ‘सावित्रीबाई फुले महिला बचत गट’ या नावाचे गट एका तालुक्यात अनेक निघू शकतात, म्हणून नावातच गाव किंवा वस्ती घाला. ठराव, शिक्का, पासबुक आणि उमेदची नोंद या चारही ठिकाणी ते अक्षरशः एकच हवे. एकीकडे ‘स्वयंसहाय्यता समूह’ आणि दुसरीकडे ‘बचत गट’ असे झाले की निधी जमा करतानाच अडतो. पदाधिकाऱ्यांच्या नावांचेही तसेच. ठरावात सासरचे आडनाव आणि आधारवर माहेरचे असेल तर अर्ज परत येतो, म्हणून ठरावात आधारवरचेच नाव लिहा.

त्याच बारा जणी, तीच बचत, कर्ज किती?

समजा बारा जणींनी आठ महिने दरमहा दोनशे रुपये जमवले. बचत झाली १९,२०० रुपये. त्यातून आपसात दिलेल्या कर्जांवर व्याज आले १,१०० रुपये. गटाचा एकूण निधी २०,३०० रुपये.

स्वतंत्र गटाला बँका साधारणपणे निधीच्या एकपट ते चौपट कर्ज देतात. म्हणजे जास्तीत जास्त ८१,२०० रुपये, तेही शाखाधिकाऱ्याच्या मनावर. उमेदच्या गटासाठी रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत पहिले कर्ज निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यातले जे जास्त असेल ते. सहापट १,२१,८०० होतात, म्हणून दीड लाख. आणि अभियानाकडून गटाला मिळणारा फिरता निधी खात्यात आला असेल तर तोही निधीत धरला जातो. तो ३०,००० रुपये धरला तर निधी होतो ५०,३००, आणि सहापट ३,०१,८००.

| | मोजायचा निधी | पहिले कर्ज |
|---|---|---|
| स्वतंत्र गट | २०,३०० | ८१,२०० पर्यंत |
| उमेद, फिरता निधी येण्याआधी | २०,३०० | १,५०,००० |
| उमेद, फिरता निधी आल्यावर | ५०,३०० | ३,०१,८०० |

इथे अर्ज तीन लाखांचाच करा, वरचे अठराशे सोडून द्या. या अभियानाच्या कर्जाला तीन लाखांपर्यंत ७ टक्के वार्षिक दर ठेवलेला आहे आणि त्यावर गेले की दराचा नियम बदलतो. वेळेवर फेडणाऱ्या गटाला आणखी ३ टक्क्यांची सूट जाहीर झालेली आहे. ती वर्षागणिक आदेशाने चालते, म्हणून चालू वर्षाचे शाखेत विचारून घ्या. तीन लाख, ७ टक्के, ३६ हप्ते म्हणजे गटाचा हप्ता सुमारे ९,२६३ रुपये, एकीच्या वाट्याला ७७२.

बहुतेक ग्रामीण गटांनी उमेदचा रस्ता धरावा, तो या आकड्यांमुळे. सभासद बऱ्यापैकी कमावत्या असतील, गरीब कुटुंबांच्या यादीत बसत नसतील किंवा गट शहरात असेल, तर स्वतंत्र गटाचा मार्ग राहतो. तिथे वर्षभर नीट वह्या ठेवून शाखाधिकाऱ्याचा विश्वास कमवावा लागतो.

कर्जाचे कागद

बँक पाहते ते असे: कर्ज मागण्याचा ठराव, अर्ज, सगळ्या सभासदांची केवायसी, गेल्या सहा महिन्यांच्या वह्या, कुणाला कशासाठी किती हवे याचा सूक्ष्म पतआराखडा, सभासदांमधील आपसातला करारनामा आणि बँकेसोबतचा करार. आपसातला करारनामा नीट वाचून मगच सही करा. त्यात सगळ्या जणी पदाधिकाऱ्यांना कर्ज घेण्याचा अधिकार देतात आणि फेडीची जबाबदारी एकत्र व प्रत्येकीवर स्वतंत्रपणे घेतात. बैठकीला न आलेल्या बाईची सही दुसरीने केली तर पुढे वाद झाला की हाच कागद कोलमडतो.

वह्यांमध्ये बँक तीन जागी बोट ठेवते. रोख वहीतली शिल्लक आणि पासबुकातली शिल्लक जुळत नाही. सहा महिन्यांचे इतिवृत्त एकाच शाईत एका बैठकीत लिहिलेले दिसते. आणि बचत सगळी बँकेत पडून असते, आपसात कर्ज दिलेलेच नसते. तिसरी गोष्ट बायकांना चांगली वाटते, पण गट व्यवहार करत नाही असाच तिचा अर्थ निघतो.

शाखेत ‘खाते उघडून सहा महिने झाले नाहीत’ असे उत्तर मिळाले तर सांगा की सहा महिने वहीनुसार मोजायचे असतात, खात्याच्या तारखेपासून नाही. दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागता येत नाही, मुदत ठेव करायला लावता येत नाही आणि गटाच्या बचत खात्यावर बँकेला हक्क ठेवता येत नाही. ‘एकीचा नवरा थकबाकीदार आहे’ म्हणून सगळ्या गटाचे कर्जही नाकारता येत नाही. मात्र जी सभासद स्वतः जाणूनबुजून कर्ज बुडवते, तिचे नाव बँकेच्या कर्जातून वगळावे लागते. गटातली बचत तिला सुरू ठेवता येते.

मुदत कर्ज की कॅश क्रेडिट?

उमेदच्या गटाला दोन्ही मिळते. कॅश क्रेडिटची मर्यादा तीन वर्षांसाठी किमान सहा लाख असते. त्यातून पहिल्या वर्षी वरच्या हिशोबाएवढीच रक्कम उचलता येते, आणि उचललेल्यावरच व्याज लागते. शेळ्या, शिलाई, मसाला अशा कामांत पैसा वेगवेगळ्या वेळी लागणाऱ्या गटाला ते स्वस्त पडते. पण वेळेवर फेडीची सूट हवी तर खात्यात दरमहा किमान एकदा, त्या महिन्याचे व्याज भागेल एवढा तरी भरणा लागतो, आणि उचल मर्यादेच्या वर सलग तीस दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. हिशोब ठेवणारी एकच बाई असेल आणि ती नवीन असेल, तर ठरलेला हप्ता असलेले मुदत कर्ज बरे.

दारात येणारे मायक्रोफायनान्स

मायक्रोफायनान्स कंपन्याही ‘गट’च म्हणतात, पण तो संयुक्त जबाबदारी गट असतो. कर्ज प्रत्येकीच्या नावावर असते, बाकीच्या जणी जामीन असतात, आणि गटाचा स्वतःचा निधी साठत नाही. कागद कमी लागतात, पैसा लवकर मिळतो. दर मात्र बघा. २५,००० रुपये २४ महिन्यांसाठी ७ टक्क्यांनी घेतले तर व्याज जाते सुमारे १,८६०. तेच २४ टक्क्यांनी घेतले तर सुमारे ६,७२०.

२०२२ पासून रिझर्व्ह बँकेची अट आहे की कुटुंबाचे सगळे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. वसुलीला सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर येता येत नाही, आणि मुदतीआधी फेडल्यास दंड नाही. कर्जाच्या अटींचा तक्ता तुम्हाला कळणाऱ्या भाषेत द्यावा लागतो. त्यात वार्षिक दर लिहिलेला असतो. तो वाचल्याशिवाय सही करू नका, कारण ‘आठवड्याला फक्त तीनशे’ या बोलण्यातून दर कळत नाही.

बचत गटातल्या एखादीने असे कर्ज आधीच घेतले असेल, तर बँकेच्या अर्जाआधी बैठकीत तसे सांगू द्या. सभासदनिहाय माहिती पतमाहिती कंपन्यांच्या नोंदीत, म्हणजे क्रेडिट ब्युरोत, दिसते. बँकेला ते तिथे सापडण्यापेक्षा पतआराखड्यात तिची रक्कम आधीच कमी धरलेली बरी.