ओव्हरटाइमला ‘नाही’ म्हणता येतं का? जुना कायदा आणि नवी संहिता

पाळी सुटायला दहा मिनिटं उरलेली असतात आणि सुपरवायझर सांगतो, “आज दोन तास थांबायचंय, ऑर्डर निघायचीय.” अशा वेळी नकार देणं कितपत सुरक्षित आहे, ते कोणत्या कायद्याच्या आधारावर तुम्ही उभे आहात त्यावर ठरतं.

1948 चा कारखाने अधिनियम फक्त तास मोजत होता. दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तास, त्यापुढे दुप्पट मजुरी. कामगाराची संमती हा शब्द त्यात कुठेच नव्हता. त्यामुळे कायद्याने घातलेल्या ओव्हरटाइमच्या मर्यादेच्या आत थांबायला सांगितलं आणि तुम्ही निघून गेलात, तर व्यवस्थापन स्थायी आदेशांतला, म्हणजे कारखान्याच्या शिस्तीच्या नियमांतला, ‘वरिष्ठांच्या कायदेशीर व वाजवी आदेशाचा भंग’ हा आरोप लावू शकत होतं. तुमची बाजू भक्कम व्हायची ती आदेश मर्यादा ओलांडत असेल तेव्हाच, कारण मग तो आदेश कायदेशीर उरत नाही.

21 नोव्हेंबर 2025 ला लागू झालेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता याहून वेगळी आहे. तिच्या कलम 27 नुसार कामगाराच्या संमतीशिवाय त्याला ओव्हरटाइम करायला लावता येत नाही. दुप्पट मजुरी कायम आहे. तासाला 100 रुपये पडत असतील, तर त्या दोन तासांचे 400 मिळायला हवेत. मला हा बदल फार मोठा वाटतो, पण अडचण अंमलबजावणीत आहे. नेमणूकपत्रात ‘गरजेनुसार जादा काम करीन’ अशी ओळ आधीच छापून ठेवली की ती कायमची संमती मानायची का, यावर वाद होणार. शक्य असेल तर अशी ओळ सही करण्यापूर्वीच खोडून घ्या. शिवाय महिना 18,000 रुपयांपेक्षा जास्त पगार घेणारे पर्यवेक्षक ‘कामगार’ या व्याख्येतच बसत नाहीत.

मालकाची अडचण आणि सरकारची सूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2020 मध्ये टाळेबंदीनंतर गुजरात सरकारने सार्वजनिक आणीबाणीचं कारण देत कारखान्यांना जादा तासांची आणि ओव्हरटाइमला दुप्पट पैसे न देण्याची मुभा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2020 ला ती अधिसूचना रद्द केली. आर्थिक मंदी म्हणजे सार्वजनिक आणीबाणी नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं. ऑर्डर उशिरा निघणं तर त्याहून फार लहान कारण आहे.

नकार द्यायचा असेल तर पाळी सुटण्याआधी द्या. “आज घरी आजारी माणूस आहे, थांबू शकत नाही” एवढं लेखी किंवा व्हॉट्सअॅपवर कळवा आणि त्याची नोंद जपा. मात्र भट्टी किंवा बॉयलर चालू असेल आणि बदली माणूस आला नसेल, तर तसंच सोडून जाऊ नका. तिथे प्रश्न ओव्हरटाइमचा राहत नाही, जिवाच्या धोक्याचा होतो, आणि चौकशीत तुमचा नकार टिकणं कठीण जाईल.