पावणेदोनशेचे दोनशे झाले तेव्हा: बोललेली ऑर्डर लिहून देणारी तीन मॉडेलं, काही महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरात आमचा किराण्याचा होलसेल धंदा आहे. बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोटकडचे दुकानदार रात्री व्हॉट्सॲपवर बोलून ऑर्डर टाकतात आणि सकाळी गाडी भरायच्या आत ती यादी होऊन तयार लागते. हे काम आधी दोन माणसं कानाला फोन लावून करत. आता मॉडेल आवाजाचा मजकूर करतं, मजकुरातून आमचा छोटा प्रोग्रॅम माल, वजन आणि एकक वेचतो. मॉडेलं तीन वापरली: एक पैसे देऊन घेतलेली क्लाउड सेवा, दोन फुकट, आमच्याच दुकानातल्या कॉम्प्युटरवर चालणारी. त्यांना अ, ब, क म्हणते. नावं देत नाही, कारण तुमच्या दुकानदारांच्या आवाजावर निकाल वेगळा लागू शकतो.

सेवा अ घेतली ती मराठीच्या रँकिंगमध्ये वर होती म्हणून. पहिले काही आठवडे खूश होते. मग एका गाडीत पावणेदोनशे किलोऐवजी दोनशे किलो साखर गेली. दुकानदाराने पंचवीस किलो परत पाठवली, हमाली आमच्या डोक्यावर. नोट पुन्हा ऐकली तर आवाज स्वच्छ:

"ताई, उद्याच्या गाडीत पावणेदोनशे किलो साखर आणि अडीच कट्टे शेंगदाणे टाका, बाकी बघू."

तेरा शब्द. अ ने बारा बिनचूक लिहिले आणि पावणेदोनशेचे दोनशे केले. रँकिंगमध्ये जो आकडा असतो तो शब्दचुकांचा दर: बदललेले, गाळलेले आणि जादा घुसवलेले शब्द मिळवायचे आणि मूळ शब्दसंख्येने भागायचं. म्हणजे इथे तेरात एक, ७.७ टक्के. हीच नोट मॉडेल क ला दिली तर त्याने "उद्याचा", "शेंगदाने" आणि "बगू" असं लिहिलं. तीन चुका, २३ टक्के. पण साखर पावणेदोनशे, शेंगदाणे अडीच कट्टे, ऑर्डर तंतोतंत बरोबर. रँकिंगच्या मापाने क तिप्पट वाईट आणि माझ्या गाडीच्या मापाने क पास, अ नापास. त्या रात्रीपासून मी बाहेरच्या आकड्यांवर विसंबणं सोडलं.

त्या आकड्यांत आणखी एक गोम आहे आणि ती मराठी वाचकाला कळायलाच हवी. बहुभाषिक तुलनेत बऱ्याचदा FLEURS हा संच वापरतात. त्यात विकिपीडिया कुळातल्या संकेतस्थळांवरची वाक्यं माणसांनी वाचून दाखवलेली आहेत. तिथे चालत्या टेम्पोतून कोणी सव्वाशे किलो तूरडाळ मागत नाही. ते एकवेळ चालेल. पण मोजण्याआधी दोन्ही मजकूर "सारखे" करून घेतात, विरामचिन्हं वगैरे काढतात, तिथे खरा घोटाळा आहे. Whisper या आवाजाचा मजकूर करणाऱ्या मॉडेलसोबत येणारा BasicTextNormalizer अनेकांनी यासाठी वापरला आहे, आणि तो विरामचिन्हांबरोबर आपले काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वारही चिन्हंच समजून उडवतो. खात्री करायची तर हे चालवून बघा:

```python
import unicodedata as u
for s in ["गूळ", "गोळी"]:
    t = "".join(" " if u.category(c)[0] in "MSP" else c for c in s)
    print(t.split())
```

दोन्हींचं उत्तर `['ग', 'ळ']`. गूळ मागितला आणि मॉडेलने गोळी लिहिली तर चूक शून्य! डाळ आणि डोळे हेही तसंच. इंग्रजीला याने काही फरक पडत नाही, कारण तिथे अक्षरावर मात्रा नाही. आपल्याकडे शब्दाचा अर्धा जीव मात्रेत असतो. त्यामुळे मराठीचा शब्दचुकांचा दर आश्चर्य वाटावा इतका कमी दिसला, तर आधी मजकूर कशाने धुतला ते विचारायचं.

म्हणून स्वतःचा संच केला. जुन्या नोट्समधून दोनशेच्या आसपास निवडल्या, दुकानदारांना विचारूनच. निवड मुद्दाम सरसकट ठेवली नाही. निम्म्या रोजच्यासारख्या, बाकीच्या त्रासदायक: टेम्पोच्या इंजिनातल्या, मागे टीव्ही चालू असलेल्या, अक्कलकोटकडच्या कन्नड वळणाच्या मराठीतल्या, आणि ज्यात पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडे किंवा पावणे आहे अशा. प्रत्येक नोटसाठी शब्दन् शब्द लिहीत बसले नाही, फक्त बरोबर यादी लिहिली: साखर, १७५, किलो, शेंगदाणे, २.५, कट्टे. आमच्याकडे सगळ्यात जुना जो मुनीम आहे त्याने आणि मी वेगवेगळं लिहिलं आणि जिथे जुळलं नाही तिथे दुकानदाराला फोन केला. यातल्या पन्नास नोट्स बाजूला ठेवल्या. मालाच्या नावांची यादी मॉडेलला आधी सुचवणं, आवाज साफ करणं, हे सगळे प्रयोग उरलेल्यांवर केले. ज्या नोट्स बघून यंत्रणा नीट केली त्यांच्यावरच गुण दिले तर ते फुगलेलेच येणार.

गुण देण्याची पद्धत साधी. पूर्ण यादी बरोबर असेल तर पास. नापास झाली तर दोन खाती. पहिलं, चूक दिसते अशी: "पाउनडोन किलो" किंवा वजनाची जागा रिकामी. प्रोग्रॅम अडतो, माणूस नोट ऐकतो, अर्धा मिनिट जातो. दुसरं, चूक दिसतच नाही अशी: दोनशे किलो साखर. ही कोणालाच खटकत नाही, कारण दोनशे किलो साखर कोणीही मागू शकतं. पहिल्या खात्यातली चूक मला अर्ध्या मिनिटाला पडते, दुसऱ्यातली परतीच्या फेरीला. हे खातं कुठल्याही रँकिंगमध्ये नाही, आणि माझा सगळा निर्णय याच खात्यावर झाला.

पहिल्या फेरीत सोप्या नोट्सवर अ सरळ पुढे होतं. त्रासदायक नोट्स मिळवल्यावर तिघंही घसरली, पण घसरण्याची तऱ्हा वेगळी. ब ने एक नवीनच दुखणं दाखवलं: दुकानदार बोलून थांबला आणि पुढे नुसता हॉर्न आणि शांतता राहिली, की तो तिथे न बोललेलं वाक्य लिहायचा. Whisper कुळातल्या मॉडेलांत हे प्रसिद्ध आहे. बोलणं नसलेला भाग आधीच कापून टाकला तेव्हा ते जवळजवळ थांबलं. क कडून दिसणाऱ्या चुका सगळ्यात जास्त आणि न दिसणाऱ्या सगळ्यात कमी. अ चं बरोबर उलट.

अ असं का करतं हे शोधायला वेळ लागला. त्यांच्या मदतकेंद्राला मी नोट, अपेक्षित उत्तर आणि आलेलं उत्तर तिन्ही पाठवलं. उत्तरात रँकिंगचा तक्ता आला. पुन्हा लिहिलं, पुन्हा तोच तक्ता. शेवटी सेटिंग चाळताना सापडलं: आकडे शब्दांऐवजी अंकांत लिहिण्याची सोय आपोआप चालू होती. "साडेतीनशे"चे ३५० नीट व्हायचे, "दीडशे"चे १५० व्हायचे, पण "पावणे" तिला बहुधा समजतच नव्हतं, ते गळून पडायचं आणि उरायचे २००. मॉडेलने ऐकलेलं बरोबर असावं, बिघडायचं नंतरच्या पायरीत. सोय बंद केली, सगळा संच पुन्हा चालवला आणि न दिसणाऱ्या चुका एकदम खाली आल्या. पावणे म्हणजे पुढच्या आकड्यातून पाव वजा, आणि शे आला की शंभराने गुणायचं, हे आता आमचा प्रोग्रॅम करतो. तेव्हा अ बद्दल माझं मत बदललं. ऐकण्यात ते खरोखर चांगलं आहे, आणि हे मी मोकळेपणाने सांगते.

तरी ते ठेवलं नाही, कारण बिल. दर मिनिटावर आहे, पण प्रत्येक नोट किमान पंधरा सेकंदांची धरतात. आमचे दुकानदार आठ सेकंदांत ऑर्डर देऊन मोकळे होतात. म्हणजे जवळपास दुप्पट पैसे, आणि तेही शांततेचे. हा हिशोबसुद्धा स्वतःच्या नोट्स चालवल्यावरच कळला.

सोय बंद केल्यानंतर अ आणि क मध्ये बाजूला ठेवलेल्या पन्नास नोट्सवर फरक असा नव्हताच. सगळा संच धरला तर ज्या नोट्सवर दोघांचा निकाल वेगळा लागला अशा वीस होत्या: १४ अ च्या बाजूने, ६ क च्या. माझा भाचा म्हणाला, "मावशी, अ दुपटीने चांगलं आहे की!" नाही. वीस वेळा नाणं उडवलं तर कुठल्यातरी एका बाजूला १४ किंवा जास्त पडणं साधारण नऊ खेपांत एकदा होतं. एवढ्या फरकावर मी दरमहा बिल भरणार नाही. मात्र हे १४ कोणते ते उघडून बघितलं. बहुतेक टेम्पोतल्या नोट्स होत्या, आणि त्यांत क चुकला तरी चूक दिसत होती.

सध्या क चालू आहे, सेकंडहँड ग्राफिक्स कार्डवर. सकाळी साधारण दहातली एक नोट माणसाकडे जाते. संच दर महिन्याला पुन्हा चालवते आणि नवीन दुकानदार जोडला की त्याच्या चार-पाच नोट्स त्यात टाकते. क ची कमजोरी अजून एक आहे: "पाऊणशे" हा शब्द घाईत बोलला तर तो "पाचशे" लिहितो. ही न दिसणारी चूक आहे आणि मला ती अजिबात चालत नाही. तात्पुरता उपाय म्हणून ज्या मालाची त्या दुकानाची नेहमीची ऑर्डर दोनशेच्या खाली असते तिथे पाचशे आलं की प्रोग्रॅम थांबतो आणि नोट ऐकवतो. पुढच्या आठवड्यात मॉडेल ड येतंय. त्याच्यासाठी पाऊणशेवाल्या नोट्स वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. त्यांत न दिसणारी एकही चूक नसेल तरच उरलेला संच चालवेन.